खाचेत टॅब ढिला बसतो, आणि घट्ट करायला गेलं की फुटतो: लेझर कटिंगमधला कर्फचा हिशोब

श्रावण लागला की आमच्या दुकानात एकच तक्रार येते. गणपतीच्या मखराचे पार्ट ३ एमएमच्या एमडीएफमधून कापून नेलेले असतात, आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईक पिशवी घेऊन परत. "दादा, कमान उभी ऱ्हाईना झालीया, नुसती हलूलीया." पुढच्या आठवड्यात दुसरा येतो, त्याचं उलटं असतं. हातोडीनं ठोकून बसवलं आणि खाचेच्या कडेनं चीर गेली. आमचा ऑपरेटर कन्नड बोलणारा आहे, तो पार्ट हातात घेतल्या घेतल्या सांगतो, "टाइट ऐति री." तो टाइट म्हणतो ते खरंच असतं, पण कुठल्या बाजूनं टाइट, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळी गोम तिथंच आहे.

मी बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला सीओटू लेझरवर काम करतो. खाली लिहिलंय ते ३ एमएम एमडीएफ आणि तसल्याच पातळ शीटसाठी. पत्र्याचं वेगळं आहे, त्याबद्दल मध्येच दोन ओळी येतील.

आधी लक्षणं बघा

टॅब खाचेत सहज जातो आणि डावी-उजवीकडे सरकतो, म्हणजे लांबीत गाळा आहे. टॅब सरकत नाही पण पुढे-मागे डुलतो, म्हणजे जाडीत गाळा आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधही वेगळं आहे.

एकटा टॅब छान बसतो, पण पाच टॅबवाली पट्टी लावली की पहिला बसतो आणि शेवटचा अर्धा एमएम बाजूला राहतो. हे कर्फचं, म्हणजे लेझरनं जळून जाणाऱ्या पट्टीच्या रुंदीचं, दुखणंच नाही.

एका बाजूनं घातला तर बसतो, शीट उलटी करून घातला तर अडतो. शीटच्या मधले पार्ट ढिले आणि कोपऱ्यातले घट्ट. काल कापलेले बसले, आज त्याच फाईलमधून कापलेले बसत नाहीत. आणि कच्चे बसत होते, रंग दिल्यावर बसेनात. ह्यातलं तुमचं कुठलं, ते कागदावर लिहून ठेवा आणि मगच पुढं जा. लक्षण न बघता थेट मशीनचे स्क्रू फिरवणारे लोक मी पाहिलेत, त्यांचं दुखणं दुप्पट होतं.

पहिली तपासणी: व्हर्नियर लावा, लेबलवर विश्वास ठेवू नका

फुकटचं काम, दोन मिनिटांचं. "३ एमएम" म्हणून विकत घेतलेली एमडीएफ मी २.७ पासून ३.२ पर्यंत मोजली आहे. एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीटमध्येही फरक निघतो. अॅक्रिलिकचंही तेच. शिवाय त्याच्यावर कागद चिकटवलेला असेल तर मोजताना तो काढून मोजा.

आपल्याकडे ह्यात पावसाची भर पडते. एमडीएफ पाणी पिते आणि जाडीत फुगते, कडेला सगळ्यात आधी. खानापूरच्या बाजूला, घाटालगत, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली शीट कडेला २.९५ आणि मध्ये २.८५ भरते. आणि मखराचं काम येतं ते नेमकं ह्याच दिवसांत. म्हणून एका जागी मोजून भागत नाही. चार कडा आणि मध्य, अशी पाच मापं घ्या. ज्या भागातून टॅबवाले पार्ट कापणार, तिथलं माप धरा.

रंगाचं आत्ताच सांगून टाकतो. निपाणीकडच्या एका गिऱ्हाइकानं सगळे पार्ट आधी सोनेरी रंगानं दोन-दोन हात मारून वाळवले आणि मग जोडायला बसला. कच्चे असताना तेच पार्ट बोटानं बसत होते. रंग टॅबच्या दोन्ही अंगांवर बसतो आणि खाचेच्या भिंतींवरही बसतो, म्हणजे चार थर झाले. रंग आधी द्यायचा असेल तर एक तुकडा रंगवून, वाळवून, त्याची जाडी कितीनं वाढली ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वाढ हिशोबात धरा. नाहीतर टॅब आणि खाचेवर मास्किंग टेप लावा.

दुसरी तपासणी: ड्रॉइंगमध्ये हिशोब एकदाच झालाय ना?

हीसुद्धा फुकटची, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त केसेस इथंच सुटतात. म्हणून जरा सावकाश सांगतो.

लेझर रेषेवरून जातो तेव्हा रेषेच्या दोन्ही बाजूंचा थोडा माल जळतो. जळालेल्या पट्टीची रुंदी म्हणजे कर्फ. माझ्या मशीनवर ३ एमएम एमडीएफला तो ०.१८ एमएम आहे. तुमचा ०.१५ असेल किंवा ०.२५ असेल. रेषेच्या बरोबर मधून कापलं, तर बाहेरचा पार्ट प्रत्येक कडेला अर्ध्या कर्फनं लहान होतो, म्हणजे रुंदीत पूर्ण एका कर्फनं. खाच त्याच हिशोबानं एका कर्फनं मोठी होते.

आता टॅबची लांबी बघा. टॅबच्या दोन्ही टोकांना लेझर कापतो आणि खाचेच्या दोन्ही टोकांनाही तोच कापतो. टॅब एका कर्फनं आखूड, खाच एका कर्फनं लांब. म्हणून लांबीत दोन कर्फचा गाळा पडतो.

जाडीच्या दिशेला तसं नाही. टॅबची जाडी म्हणजे शीटचीच जाडी, तिला लेझर हातही लावत नाही. फक्त खाचेची रुंदी लेझर कापतो. म्हणून तिथं एकाच कर्फचा गाळा, आणि वर शीट जेवढी पातळ आली तेवढा आणखी.

मागच्या पावसाळ्यात एका पोरानं आणलेलं मखर घेऊन हिशोब करून दाखवतो. फाईल डाउनलोड केलेली, ३ एमएमसाठी बनवलेली. टॅब ३० लांब, खाच ३० बाय ३. शीट व्हर्नियरला २.८५ भरली, कर्फ ०.१८. कापल्यावर टॅब २९.८२ लांब झाला आणि खाच ३०.१८ बाय ३.१८. लांबीत गाळा ०.३६. जाडीत ३.१८ वजा २.८५, म्हणजे ०.३३. कमान हलणार नाही तर काय होणार.

आता घट्ट किती हवं? माझा नियम असा: पकड लांबीत घ्यायची आणि जाडीत थोडी मोकळीक ठेवायची. कारण लांबीची दोन्ही मापं माझ्या लेझरच्या हातात आहेत. जाडी कारखान्याच्या आणि पावसाच्या हातात. जाडीत पकड घ्यायला गेलात तर पुढच्या शीटला सगळं बिघडतं, आणि खाच कडेजवळ असेल तर तिथूनच चीर जाते. एमडीएफला लांबीत ०.०५ ची दाब-बसण आणि जाडीत ०.०५ ची मोकळीक मला मानवते. अॅक्रिलिकला दाब अजिबात देऊ नका. ते लवत नाही, कोपऱ्यातून तडकतं, कधी दुसऱ्या दिवशी तडकतं.

ह्या मखराची रेखाटायची मापं अशी निघाली:

```
टॅबची लांबी   = ३०.०० + ०.१८        = ३०.१८
खाचेची लांबी  = ३०.०० − ०.०५ − ०.१८ = २९.७७
खाचेची रुंदी  = २.८५ + ०.०५ − ०.१८  = २.७२
```

कापल्यावर टॅब ३०.००, खाच २९.९५ बाय २.९० झाली. अंगठ्यानं दाबल्यावर "टच" करून बसली, उलटी धरली तरी पडली नाही.

दोन चुका इथं हमखास होतात. पहिली म्हणजे टॅबची उंची वाढवणं, म्हणजे तो दुसऱ्या बाजूला जितका बाहेर येतो ती. तिच्यात कर्फ मिळवायचा नसतो. टॅबचं टोक अर्ध्या कर्फनं खाली सरकतं आणि शेजारचा खांदाही तेवढाच खाली सरकतो, उंची आहे तशीच राहते. इथं कर्फ मिळवलात की टॅब पलीकडून नखाएवढा वर दिसतो.

दुसरी चूक मोठी आहे. ड्रॉइंगमध्ये कर्फ धरलेला असतो आणि सॉफ्टवेअरमध्येही ऑफसेट चालू असतो. LightBurn मध्ये लेयरच्या सेटिंगमध्ये `Kerf Offset` आहे. तिथं अर्धा कर्फ टाकायचा, इथं ०.०९. मग ड्रॉइंगमध्ये खरी हवी ती मापं ठेवायची: टॅब ३०, खाच २९.९५ बाय २.९०. पण वरची २.७२ ची फाईल आणि हा ऑफसेट दोन्ही एकदम चालले, तर खाच कापल्यावर २.७२ चीच राहते आणि तुम्ही त्यात २.८५ ची शीट ठोकत बसता. "घट्ट करायला गेलं की फुटतं" ही तक्रार मला तरी बहुतेक वेळा इथंच सापडली. ओळखायचं सोपं आहे. कापलेला टॅब मोजा आणि ड्रॉइंगमधल्या मापाशी ताडून बघा. कापलेलं माप ड्रॉइंगएवढंच आलं, तर सॉफ्टवेअर कर्फ धरतंय, तुम्ही धरू नका. एका कर्फनं कमी आलं, तर सॉफ्टवेअर काही करत नाही.

आणि कधी `Kerf Offset` टाकूनही काहीच फरक पडत नाही. तेव्हा रेषा तुटक असतात. कॅडमधून आलेल्या फाईलमध्ये चौकोन म्हणजे चार सुट्या रेषा असतात, आणि ऑफसेट फक्त बंद आकारांनाच लागू होतो. सगळं निवडून `Auto-Join Selected Shapes` करा. बाहेरची कड आणि आतल्या खाचा एकाच लेयरवर ठेवा, म्हणजे कुठली रेषा बाहेर सरकवायची आणि कुठली आत, ते त्याला कळतं.

पत्र्याचं इथंच सांगतो. २ एमएम एमएस फायबर लेझरवर कापायला देताना ड्रॉइंगमध्ये कर्फ धरण्याआधी त्यांच्या प्रोग्रॅमरला विचारा. कर्फ सहसा तेच आपल्या बाजूनं धरतात. तुम्ही खरी हवी ती मापं द्या आणि मोजलेली पत्र्याची जाडी सांगा.

तिसरी तपासणी: पाच टॅबची पट्टी

पहिला बसतो आणि शेवटचा चुकतो, ह्याला कर्फ जबाबदार नाही, कारण कर्फ टॅबच्या दोन्ही बाजू सारख्याच खातो, मध्यबिंदू हलत नाही. पहिल्या टॅबच्या डाव्या कडेपासून पाचव्या टॅबच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. हे माप ड्रॉइंगएवढंच आलं पाहिजे, कर्फ कितीही असो. २४० च्या जागी २३९.५ आलं तर मशीनचं अंतराचं कॅलिब्रेशन चुकलंय. अशा वेळी खाचा मोठ्या करून काम भागवू नका. टॅब सगळे आत जातील, पण एकही धरणार नाही.

चौथी तपासणी: तुमचा स्वतःचा कर्फ मोजा

ह्याला एक भंगार तुकडा लागतो. दुसऱ्याच्या मशीनचा आकडा घेऊ नका, माझाही नाही.

`Kerf Offset` शून्य करा. १०० बाय २० चा चौकोन काढा आणि त्यात दर १० एमएमला आडवी छेदणारी रेषा, म्हणजे आत ९ रेषा आणि १० पट्ट्या. तुमच्या नेहमीच्याच पॉवरला आणि स्पीडला कापा. पट्ट्या खाली पडू नयेत म्हणून शीटच्या मागून कागदी टेप लावा, नाहीतर एखादी पट्टी तिरकी उभी राहून नोझलला धडकते. मग टेप काढा, सगळ्या पट्ट्या खिडकीतच ठेवून एका टोकाला सरकवा आणि दुसऱ्या टोकाला राहिलेली फट मोजा. मधले ९ आणि टोकाचे २ मिळून ११ कट झाले, म्हणून फटीला ११ नं भागा. माझी १.९८ आली, भागिले ११ म्हणजे ०.१८. एकाच कटची फट थेट मोजली तर व्हर्नियरच्या जबड्यात चूक होते. इथं तीच चूक अकरात वाटली जाते.

हाच प्रयोग ९० अंशांत फिरवून पुन्हा करा. दोन्ही दिशांचा कर्फ वेगळा आला, समजा ०.१८ आणि ०.२६, तर किरण गोल पडत नाही किंवा एखादी दिशा झटके देते. त्याचं कारण पुढच्या तपासणीत सापडतं.

स्पीड बदलला की कर्फ बदलतो. हळू कापलं की जास्त जळतं आणि फट रुंदावते. "काल बसत होतं, आज बसेना" म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच विचारतो, स्पीडला हात लावला का? मी तर प्रत्येक शीटच्या भंगार पट्टीवर जाडी, पॉवर, स्पीड आणि कर्फ स्केचपेननं लिहून भिंतीला खिळ्यावर अडकवतो. वही हरवते, पट्टी हरवत नाही.

हिशोब झाला तरी पूर्ण शीट लगेच कापू नका. रुंदीला २.६६, २.६९, २.७२, २.७५, २.७८ अशा पाच खाचा एका छोट्या पट्टीवर कापा आणि त्याच शीटचा टॅब हातानं घालून बघा. टॅब दोन्ही बाजूंनी घाला. लेझरची फट वरून रुंद आणि खालून अरुंद असते, म्हणून वरून सहज जाणारा टॅब खालून अडतो. जोडताना तो ज्या बाजूनं आत जाणार, त्या बाजूचाच निकाल धरा.

फेविकॉल लावून जोडणार असाल तर एक पायरी मोकळी खाच घ्या. त्यातलं पाणी एमडीएफची कड फुगवतं, आणि अर्धा आत गेलेला टॅब तिथंच अडकून बसतो.

पाचवी तपासणी: लेन्स, फोकस, बेड

कर्फ महिन्याभरात ०.१८ वरून ०.२५ वर गेला असेल तर फाईलला दोष देऊ नका. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, लेन्स काढा. एमडीएफचा धूर डिंकासारखा चिकटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सच्याच कागदानं, न घासता, अलगद पुसा. परत लावताना पहिल्याच बाजूनं लावा.

मग फोकस. एक भंगार पट्टी बेडवर उतरती ठेवा, एक टोक खाली आणि दुसरं ठोकळ्यावर, आणि कमी पॉवरनं तिच्या लांबीवर एक रेषा मारा. रेषा जिथं सगळ्यात बारीक दिसते, तिथलं नोझलपासूनचं अंतर म्हणजे फोकस. गेजचा ठोकळा झिजलेला असतो, हे असंच कळतं.

शीटच्या मध्ये आणि कोपऱ्यात फरक येत असेल तर बेडच्या चारही कोपऱ्यांत नोझलचं अंतर मोजा. पावसाळ्यात एमडीएफ केळीसारखी वाकते, मधला भाग वर येतो आणि फोकस सुटतो. चुंबकानं किंवा वजनानं कडा दाबून ठेवा. निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

इथं थांबा, माणूस बोलवा

बेल्ट हातानं दाबून ढिला लागला, तर मशीनच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ताण देता येतो. पण तिसऱ्या तपासणीतलं अंतर चुकलं असेल आणि तुम्ही कंट्रोलरमधले स्टेपचे आकडे कधी बदलले नसतील, तर आत्ताही बदलू नका. जुना आकडा लिहून न ठेवता बदललेलं मशीन पुन्हा जागेवर आणायला मेकॅनिकलाही अर्धा दिवस लागतो.

लेन्स साफ आहे, फोकस बरोबर आहे, तरी दोन दिशांचा कर्फ वेगळा येतो किंवा कट एका बाजूला तिरका उतरतो, तेव्हा आरसे हललेले असतात. आरसे जुळवणं झाकण उघडं ठेवून चालतं. सीओटूचा किरण डोळ्याला दिसत नाही, आणि भाजल्यावर समजून काही उपयोग नसतो. ज्यानं हे काम शिकलंय त्यालाच बोलवा.

जुन्या सेटिंगवर कट आरपार जाईना झालाय आणि तुम्ही स्पीड कमी करत करत कर्फ वाढवत आहात, तर ट्यूब संपत आली असेल किंवा पॉवर सप्लाय गेला असेल. त्या सप्लायमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ आत साठून राहतात. त्याचं झाकण स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायचं नाही, शेजारच्या वायरमननंही नाही. लेझरचा मेकॅनिक येईपर्यंत हातातलं मखर दुसऱ्या कुणाच्या मशीनवर कापून घ्या. तिथं गेल्यावर पहिल्यांदा पट्ट्यांचा प्रयोग करा, कारण त्या मशीनचा कर्फ ०.१८ नसणार.